पाणीपुरीचे पाणी : चव थंडीत जुळवावी लागते

मे महिन्यात बीडमध्ये दुपारी बाहेर पडणे जवळपास बंदच असते. मग मगरीबनंतर गल्लीत थोडी हालचाल सुरू होते आणि चौकातल्या गाड्यांभोवती मुले जमतात. पाणीपुरीच्या गाडीवर लाल ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ असतो आणि त्यातल्या हिरव्या पाण्यावर सगळ्यांची नजर. घरी मात्र हेच पाणी केले की पुष्कळ भगिनींची एकच तक्रार असते, "बाजी, केले तेव्हा मस्त लागत होते, मेहमानांसमोर ठेवले तर सपक!" या महिन्यात आम्ही पुदिना, कैरी, काळे मीठ आणि जिऱ्याच्या या पाण्याचाच विचार करणार आहोत. पुऱ्या कुठल्याही दुकानात विकत मिळतात. बिघडते ते पाणी, आणि बहुतेक वेळा ते थंड करताना बिघडते.

आमच्या ओळखीतली एक भाभी उन्हाळ्यात घरून पाणीपुरीच्या ऑर्डरी घेते. घरखर्चाला त्या पैशांचा आधार आहे, म्हणून एक ऑर्डर बिघडली की पुढच्या दोन जातात. गेल्या उन्हाळ्यात तिला एका मंगनीची ऑर्डर मिळाली, माणसे पन्नास. माणशी आठ पुऱ्या म्हणजे चारशे पुऱ्या आणि एका पुरीत साधारण वीस ते पंचवीस मिलिलिटर पाणी, म्हणजे दहा लिटरची तयारी. तिने जोहरनंतर तापलेल्या स्वयंपाकघरात दहा लिटर पाणी कालवले, चव घेतली, सगळे नीट जुळले होते. संध्याकाळी त्यात कारखान्यातून आणलेला तीन किलो बर्फ फोडून टाकला. पाणी गार झाले, पण कोणी दुसरी पुरी मागेना. घाईत तिने काळे मीठ ओतले, लिंबे पिळली. मग ते खारट आणि आंबट झाले, तरी पोकळच. पैसे मिळाले, पण घरमालकिणीने पुढच्या बिस्मिल्लाच्या कार्यक्रमाला दुसऱ्याला सांगितले.

हे का झाले, याचा हिशेब अगदी शाळेतल्या गणितासारखा मांडता येतो. उन्हाळ्यात भांड्यातले पाणी पस्तीस अंशांवर असते. पाणीपुरीचे पाणी आठ-दहा अंशांवर आले की दातांना झिणझिणी न येता थंडगार लागते. एक किलो बर्फ वितळून आठ अंशांपर्यंत येताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्याने तीन ते साडेतीन लिटर पाणी पस्तीसवरून आठवर येते. म्हणजे दहा लिटरला तीन किलो बर्फ लागणारच, आणि वितळल्यावर तो पाणीच होणार. दहा लिटरचे तेरा लिटर झाले. मीठ, कैरी, पुदिना मात्र दहाच्याच हिशेबाचे. चव जवळजवळ पाव भागाने उतरली ती इथे.

दुसरी गोष्ट जिभेची आहे. थंड पदार्थाचा सुगंध नाकापर्यंत कमी पोहोचतो आणि गोडवाही थंडीत फिका पडतो. आंबटपणा आणि खारटपणा त्या मानाने फार कमी होत नाही. म्हणून कोमट पाण्यात गुळाचा खडा, पुदिना आणि जिरे बरोबर वाटले, तर थंड झाल्यावर तेच पाणी नुसते आंबट-खारट लागते. मिरचीचा तिखटपणाही थंड घोटात लपतो आणि पुरी गिळल्यावर घशात मागून येतो, त्यामुळे मुले अचानक रडतात. शेवटची चव थंड पाण्याचीच घ्यावी, आणि तीही वाटीतून पिऊन नाही, पुरीत बटाटा भरून. उकडलेला बटाटा मीठ आणि आंबटपणा दोन्ही दबवतो. नुसते पिताना पाणी किंचित जास्त खारट आणि किंचित जास्त आंबट लागले पाहिजे, तरच ते पुरीत बरोबर बसते.

पुढे एका लिटरसाठीचे माप देत आहोत. दहा लिटरला दहापट करावे. पुदिन्याची नुसती पाने तीस ग्रॅम, कोथिंबीर पंधरा ग्रॅम कोवळ्या काड्यांसकट, हिरव्या मिरच्या दोन, आले अर्ध्या बोटाएवढे, उकडलेल्या कैरीचा गर शंभर ते सव्वाशे ग्रॅम, साधे मीठ पाऊण चहाचा चमचा, काळे मीठ एक चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड दीड चमचा आणि गूळ सुपारीएवढा. बडी शेप, मिरी, हिंग ही मंडळी आमच्या मते या पाण्यात गर्दी करतात. कैरीला तिचा वास आहे, तो उठून दिसू द्यावा.

कैरी मात्र मोजून घेता येत नाही. मंडईत एप्रिलमध्ये मिळणारी गावरान कैरी आणि तोतापुरी यांच्या आंबटपणात मोठा फरक असतो, आणि एकाच झाडाची कैरी कोय कठीण झाली की हळूहळू उतरू लागते. म्हणून गर वेगळा ठेवावा आणि पाण्यात चमच्या-चमच्याने घालावा. गावरान असेल तर लिटरला ऐंशी ग्रॅमपासून सुरुवात करा, तोतापुरी असेल तर सव्वाशेच्या पुढेही जावे लागेल. कैरीचे देठ कापून ती तासभर पाण्यात ठेवली की चीक निघून जातो, नाहीतर घसा खवखवतो. मग कुकरमध्ये दोन शिट्ट्या द्याव्यात, साल-कोय काढावी, गर कुस्करून बारीक चाळणीतून गाळावा. चाळणी टाळली तर पाणी पन्ह्यासारखे दाट होते आणि पुरीतून ओघळत नाही, चिकटून बसते. कच्ची कैरी किसून वाटली तर वास जास्त तेज येतो, हे खरे. पण तिचे तंतू गाळण्यात निम्मा रस जातो. दोन्हींचा मेळ हवा असेल तर गर उकडलेला घ्यावा आणि वाटताना कच्च्या कैरीची एक फोड टाकावी.

कैरीच्या आंबटपणाचा आणखी एक शत्रू आपल्याच नळात आहे. उन्हाळ्यात माजलगाव धरणाचे नळाचे पाणी कितीतरी दिवसांनी येते आणि मध्ये बोअर किंवा टँकरवर दिवस काढावे लागतात. बोअरचे पाणी जड, कधी मचूळ. त्यातले क्षार कैरीचा थोडा आंबटपणा खाऊन टाकतात, म्हणून तीच कैरी, तेच माप, पण शेजारच्या घरी पाणी आंबट आणि आपल्याकडे पचपचीत. यावर उपाय सोपा आहे आणि तो तब्येतीसाठी तसाही करायचाच असतो. पाणी खळखळ उकळावे, झाकून निवू द्यावे आणि तळाशी पांढरा थर बसला की वरचे निवळ हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतावे. मचूळपणा उकळून जात नाही, तिथे मीठच कमी करावे.

आता पुदिना. पाने चिरडली की त्यांतला रस हवेला लागतो आणि काळवंडतो, जसे कापलेले सफरचंद काळे पडते. गरम असेल तर हे झपाट्याने होते. मिक्सर सलग दोन मिनिटे फिरवला की भांडे तापते आणि पुदिना तिथेच मळकट होतो. म्हणून पाने धुऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीत, वाटताना बर्फाचे चार खडे आणि कैरीचा एक-दोन चमचे गार गर घालावा, आणि मिक्सर थांबून-थांबून, दहा-दहा सेकंद फिरवावा. आंबटपणामुळे काळवंडणे अडते. पण हाच आंबटपणा पुढे उलटा पडतो. हिरवा रंग आंबट पाण्यात रात्रभर राहिला की खाकी होतो. त्यामुळे सगळा गर आणि सगळा पुदिना आदल्या दिवशी एकत्र करून ठेवू नये. गर आदल्या दिवशी, पुदिना त्याच दिवशी तीन-चार तास आधी. रंग टिकावा म्हणून काहीजणी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. त्याने रंग राहतो आणि कैरी मरते.

आणि रंगाचा फार हट्टही नको. घरचे पाणी संध्याकाळपर्यंत जरासे शेवाळी होणारच. दिवसभर उन्हात उभ्या गाडीवरचे पाणी रात्री नऊलाही पोपटी चकाकत असेल तर आम्हाला तिथे पुरी खाववत नाही. 2024 साली कर्नाटकात अन्न सुरक्षा खात्याने पाणीपुरीचे नमुने तपासले तेव्हा काहींत कृत्रिम रंग सापडले होते. पुदिन्याच्या जाड काड्याही टाळाव्यात. पाणी गिळल्यावर मागे कडू राहत असेल तर आधी काड्यांवर आणि मग करपलेल्या जिऱ्यावर संशय घ्यावा. जिरे मंद आचेवर, एक छटा गडद होईपर्यंत आणि दोन बोटांत चुरडले की कुरकुर मोडेपर्यंतच भाजायचे. ते किंचित जाडसरच कुटावे. मैद्यासारखी पूड तळाला गाळ होऊन बसते.

काळ्या मिठाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की ते आधी घातले तर मुरते. जुन्या बायका याला पादेलोण म्हणत आणि नावातच त्याचा वास आहे. हा वास गंधकाचा. त्यातला गंधकाचा अंश आंबट पाण्यात पडला की वायू होऊन सुटू लागतो. म्हणूनच काळे मीठ कैरीच्या पाण्यात पडताच घमघमाट येतो आणि उघड्या भांड्यात चार तासांनी तो वास निघून जातो. खारटपणा मात्र तसाच राहतो. मग बाई वासासाठी पुन्हा काळे मीठ घालते आणि पाणी खारट होते. भाभीच्या पातेल्यात हेच झाले होते. नियम एवढाच: आधी साधे मीठ, काळे मीठ पाणी थंड झाल्यावर आणि वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास, आणि वर झाकण. पाणी जितके थंड तितका तो वास त्यात टिकून राहतो. घरात रक्तदाबाचे कोणी असेल तर एक लक्षात असू द्या, काळे मीठही मुख्यतः मीठच आहे. ते औषधी समजून मोकळ्या हाताने घालू नये.

रमजानमध्ये हे माप आणि हा क्रम जास्तच कामी येतो, कारण रोजा असताना चव पाहणे टाळतो आणि अंदाजाने घातलेले मीठ इफ्तारच्या दस्तरखानवरच कळते. आपल्या घरच्या चमच्याने, आपल्या घरच्या पाण्याने एकदा माप बसवून वहीत लिहून ठेवावे. रोजाच्या दिवशी काळे मीठ पाऊण चमचाच घालून उरलेला पाव दस्तरखानवर वाटीत ठेवावा.

आता थंड करणे. भाभीचा फ्रिज लहान, त्यात दहा लिटरचे पातेले बसत नाही. बसले तरी पस्तीस अंशांचे पाणी आठवर यायला तेवढ्या मोठ्या भांड्याला पूर्ण दिवस जाईल आणि तोवर वीज गेली तर सगळेच हुकले. म्हणून पुढच्या ऑर्डरीला तिने आणि आम्ही मिळून बेत बदलला. आदल्या रात्री पाच-सहा लिटर उकळलेले, निवळलेले पाणी माठात भरले आणि माठ खिडकीशी सावलीत ठेवला. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर आणतो. जुलैच्या दमट हवेत तोच माठ फारसे काही करत नाही, तेव्हा फ्रिजच्या बाटल्यांवरच भिस्त ठेवावी. त्याच रात्री उकळलेलेच एक किलो पाणी स्टीलच्या दोन डब्यांत बर्फ व्हायला ठेवले आणि कैरीचा सव्वा किलो गर गाळून फ्रिजमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी असरच्या सुमारास तीनशे ग्रॅम पुदिना, दीडशे ग्रॅम कोथिंबीर, मिरच्या आणि आले थंड वाटून, फ्रिजमधल्या बाटलीच्या पाण्यात कालवून गाळले. त्यातच साधे मीठ आणि गूळ. गर आणि हा हिरवा अर्क मिळून तीन लिटर, दोन्ही वेगवेगळ्या बरण्यांत, फ्रिजमध्येच. तीन लिटर बसायला लहान फ्रिज पुरतो. मेहमान येण्याआधी पाऊण तास मोठ्या पातेल्यात माठाचे सहा लिटर पाणी, हिरवा अर्क आणि थोडा-थोडा करत गर एकत्र केला. तेव्हा पाणी वीस अंशांच्या आसपास होते. मग घरचा एक किलो बर्फ टाकून हलवत राहिलो. तो पूर्ण वितळला तेव्हा पाणी दहाच्या खाली आले आणि एकूण भरले बरोबर दहा लिटर. बर्फ वरून आलेला पाहुणा राहिला नाही, तो मापातच धरलेला होता. सर्वांत शेवटी काळे मीठ चमच्या-चमच्याने आणि जिऱ्याची पूड, मग बटाटा भरलेल्या पुरीतून चव.

पहिल्या पुरीला भाभी म्हणाली, "आंबट आहे, पण काहीतरी कमी आहे." तोंडाला पाणी सुटते पण चव भरून येत नाही, तेव्हा बहुधा मीठ कमी असते. अजून अर्धा चमचा साधे मीठ पडताच कैरी, पुदिना, दोन्ही उठून आले. घशाला आंबटपणा ओरखडत असेल तर उलट गुळाचा एक खडा घालावा, पाणी नाही. आणि खारट झालेच तर थोडे सादे थंड पाणी आणि त्याबरोबर राखून ठेवलेला गर घालावा. म्हणूनच वाटीभर गर आणि वाटीभर अर्क शेवटपर्यंत बाजूला ठेवायचा.

वाढताना पूर्ण पातेले समोर ठेवले नाही. लहान भांड्यात दोन-दोन लिटर काढले आणि उरलेले झाकून, ओल्या गोणपाटात. वाढायच्या भांड्यात मोकळे बर्फाचे तुकडे टाकले तर पहिली पुरी तेज आणि विसावी पुरी फिकी होते. त्याऐवजी बर्फ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून, डबा बाहेरून स्वच्छ धुऊन पाण्यात सोडावा. थंडी मिळते, पातळपणा नाही.

कारखान्याच्या बर्फाबद्दल इथे थोडे कठोर बोलावे लागेल. मासे आणि इतर माल थंड ठेवायला बनवलेला बर्फ खाण्यासाठी नसतो. तो ओळखता यावा म्हणून 2018 मध्ये महाराष्ट्रात अशा बर्फात निळा रंग घालण्याचे बंधन आले. निळसर लादी दिसली तर ती भांड्याच्या बाहेरच चालते, आत नाही. पांढरी असली तरी ती कुठल्या पाण्याची, हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तीही बाहेरच. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते बर्फात तसेच राहतात आणि वितळल्यावर पाण्यात येतात. कैरी, मीठ आणि पुदिना यांनी त्यांची वाढ मंदावते, पण कावीळ आणि टायफॉइडपासून राखण त्याने होत नाही. शिवाय हे पाणी एकदा कालवल्यावर कधीच उकळले जात नाही, म्हणून जे काही सांभाळायचे ते आधीच: उकळलेले पाणी, मीठ-पाण्यात दोनदा आणि मग उकळून गार केलेल्या पाण्यात शेवटी धुतलेला पुदिना-कोथिंबीर, आणि वाढायला लांब दांड्याचा डाव. भांड्यात हात बुडवून पुरी भरण्याची गाडीवरची तऱ्हा घरी आणू नये, मुलांनाही पुरी बुडवू देऊ नये.

त्या संध्याकाळी भाभीकडे सव्वा लिटर पाणी उरले. फ्रिजमध्ये झाकून ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. रंग खाकी झालेला असेल, काळ्या मिठाचा वास उतरलेला असेल, तेव्हा वर चिमूटभर काळे मीठ आणि ताजे जिरे. पुरीबरोबर ते आता मजा देत नाही, पण ग्लासभर थंड पाण्यात निम्मे मिसळून जलजीऱ्यासारखे प्यायला छान लागते. वाढायच्या भांड्यातले, डाव फिरलेले उरलेले पाणी मात्र ठेवू नये, ते रात्रीच फेकावे.